‘पाळी चुकली’ला इंग्रजीत काय म्हणायचं? (फॉर्म शुक्रवारी बंद होतोय)

गिरणगावची · सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, एका शब्दाने माझी झोप उडवली आहे.

मी २४ मिनिटांचा एक माहितीपट केलाय, आईच्या मावशीवर. आम्ही सगळे तिला माई म्हणतो. माई लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. जानेवारी १९८२ मध्ये तिला दिवस गेल्याचं कळलं आणि त्याच महिन्यात, १८ तारखेला, संप सुरू झाला. कॅमेऱ्यासमोर लसूण सोलता सोलता ती बोलून गेली, "त्या महिन्यात माझी पाळी चुकली, आणि गिरणीतली पण चुकली. एकीचं पोर झालं, दुसरीचं काहीच झालं नाही."

तिथेच फिल्मला नाव मिळालं, ‘पाळी चुकली’. मराठी माणसाला काही समजवावं लागत नाही. पण महोत्सवाच्या फॉर्मवर दोन चौकटी आहेत, मूळ नाव आणि इंग्रजी नाव, आणि दुसरी रिकामी ठेवता येत नाही. ‘मिस्ड शिफ्ट’ लिहिलं तर बाई जाते, ‘मिस्ड पिरियड’ लिहिलं तर गिरणी जाते. नुसतं ‘शिफ्ट’ म्हटलं तर घर बदलण्याबद्दल काहीतरी वाटतं. काय करू?

---

पक्का_डोंबिवलीकर · सोमवार, रात्री ११.०५

काहीच करू नका. भाषांतर कशाला? ‘सैराट’चं केलं का कुणी? ‘फँड्री’ हा तर मराठीतही सगळ्यांना कळणारा शब्द नव्हता, कैकाडी भाषेतला आहे, तरी जगभर तेच नाव गेलं. रोमन लिपीत ‘पाळी’ लिहा आणि मोकळ्या व्हा. आपण आपल्या शब्दांची लाज सोडली पाहिजे.

---

रमाकांत_बोरिवली · मंगळवार, सकाळी ७.१५

माझा अनुभव सांगतो. मी एका प्रकाशकासाठी वेळेच्या नियोजनावरचं इंग्रजी पुस्तक मराठीत आणलं. मूळ नाव अगदी साधं होतं. मी ‘दिवसाचे हिशेब’ असं सुचवलं होतं. छापून आलं तेव्हा मुखपृष्ठावर ‘यशाचा महामंत्र’! आत मंत्र नाही आणि यशाची हमीही नाही. लेखक उलट म्हणतो की सगळं साधणार नाही, काही कामं सोडून द्या. वाचक मला विचारतात, मंत्र कुठल्या पानावर आहे? करारात नावाबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही. तेव्हा ताई, नावाचा हक्क लेखी घ्या.

---

गिरणगावची · मंगळवार, सकाळी ९.३०

रमाकांतकाका, वाईट वाटलं वाचून. माझ्याकडे प्रकाशक नाही, नाव मीच ठरवणार आहे. अडचण एवढीच की ठरत नाहीये.

डोंबिवलीकर, रोमनमध्ये लिहून पाहिलं. पी-ए-एल-आय लिहिल्यावर वांद्र्याच्या मैत्रिणीने ‘पाली हिल’ वाचलं, भावाने बल्लाळेश्वराचं पाली, आणि परदेशातला माणूस बौद्ध ग्रंथांची भाषा समजेल. ‘ळ’ला रोमन लिपीत घरच नाही.

---

श्रावणसर · मंगळवार, सकाळी १०.१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हा शब्द पोस्टरवर असणंच मला पटत नाही. आमच्या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. इंग्रजीत तरी गिरणीचाच अर्थ ठेवावा, सभ्य वाटेल.

---

अनघा_मुलुंड · मंगळवार, सकाळी १०.२५

सर, तो शब्द माई स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलल्या आहेत. घरात मोठ्याने बोलत नसत हे खरं, पण हलक्या आवाजात प्रत्येक घरात बोलत होते. इंग्रजीत तो पुसायचा म्हणजे त्यांचं अर्धं वाक्य कापायचं.

माझी सूचना: ‘द सेकंड शिफ्ट’. बाई गिरणीतून घरी येते आणि स्वयंपाकघरातली दुसरी पाळी सुरू होते. इंग्रजीत हा वाक्प्रचार रुळलेला आहे, बाईचं घरकाम या अर्थानेच.

---

भोंगा_१९७४ · मंगळवार, दुपारी १.००

मी १९७४ ला बदली म्हणून लागलो, नंतर साचे खात्यात कायम झालो. अनघाताई, नाव छान आहे, पण आमच्याकडच्या माणसाला ते खोटं वाटेल. वाइंडिंग आणि रीलिंगमधल्या बायकांना दुसरी पाळी नव्हतीच. दुसरी पाळी साडेतीनला सुरू होऊन रात्री बाराला सुटायची, आणि कारखान्यांच्या कायद्याप्रमाणे बाईला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नव्हतं. तिसरीचा तर प्रश्नच नाही. बायका दिवसपाळीच्या. त्यामुळेच गिरण्या तीन पाळ्यांत चालायला लागल्यावर बायकांच्या जागा कमी होत गेल्या, कारण त्याच जागेवर तिन्ही पाळ्यांत फिरणारा माणूस मालकाला सोयीचा.

‘सेकंड शिफ्ट’ वाचून जुना गिरणीवाला पहिल्यांदा हेच विचारेल, बाई दुसऱ्या पाळीत कशी?

---

अनघा_मुलुंड · मंगळवार, दुपारी १.२०

काका, हे मला ठाऊक नव्हतं. सूचना मागे घेते. त्या नावाचं एक गाजलेलं अमेरिकन पुस्तकही आहे, तेही आत्ताच आठवलं.

---

निळी_शाई · मंगळवार, रात्री ९.५०

दिवसभर एका पुस्तकाच्या प्रुफात होते, आता सविस्तर लिहिते. पंचवीस वर्षं दोन्ही बाजूंनी भाषांतर करते आहे. पुस्तकाच्या चारशे पानांवर जेवढं भांडण होत नाही तेवढं मुखपृष्ठावरच्या तीन शब्दांवर होतं.

गिरणगावची, तुम्ही ‘पाळी’चे दोन अर्थ एकाच इंग्रजी शब्दात शोधताय. तो शब्द नाही. ‘पाळी’चा श्लेष मराठीचा आहे, तो तिकडे नेता येत नाही. पण तिकडे त्याच जागी दुसरा श्लेष आधीपासून पडलेला असू शकतो. तो शोधायचा.

उलट्या दिशेचं उदाहरण बघा. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं शब्दशः मराठी ‘म्हातारा आणि समुद्र’. चूक काहीच नाही, पण मराठीत ते एखाद्या धड्याच्या नावासारखं सपाट पडतं. पु. ल. देशपांड्यांनी नाव ठेवलं ‘एका कोळियाने’. मासे पकडणारा कोळी आणि जाळं विणणारा कोळी, मराठीत शब्द एकच. आणि शाळेतली कविता प्रत्येकाच्या तोंडात होती, ‘एका कोळियाने एकदा आपुले जाळे बांधियेले उंच जागी’. तो कोळी पडतो आणि पुन्हा चढतो. गोष्टीतल्या म्हाताऱ्याला ८४ दिवस एक मासा मिळालेला नसतो, तरी ८५ व्या दिवशी तो होडी लोटतो. म्हातारा गेला, समुद्र गेला, पण तो चिवटपणा नावात आला, आणि तो मूळ इंग्रजी नावात नव्हताच.

आणखी एक गंमत त्यात आहे. ‘एका कोळियाने’ हे अर्धं वाक्य आहे. कोळियाने काय केलं? ‘-ने’ लागलेला कर्ता पुढचं क्रियापद मागतो, आणि पुस्तक उघडल्याशिवाय ते मिळत नाही.

---

पक्का_डोंबिवलीकर · मंगळवार, रात्री १०.१५

ताई, माझ्या मुलीला ही कविता माहीत नाही, ती इंग्रजी माध्यमात आहे. तिला ‘एका कोळियाने’मध्ये फक्त ससून डॉकचा कोळी दिसणार. मग ते नाव तिच्यासाठी कुठे उरलं?

---

निळी_शाई · मंगळवार, रात्री १०.४०

नाही उरलं, आणि हा त्या पद्धतीचा खरा तोटा आहे. वाचकाच्या तोंडातल्या ओळीवर उभारलेलं नाव ती ओळ विसरली की अर्धं पांगळं होतं. ‘म्हातारा आणि समुद्र’ शंभर वर्षांनीही तितकंच सपाट पण तितकंच कळणारं राहील. पुलंनी आपल्या पिढीसाठी निवड केली. मला विचाराल तर बरोबर केली.

मूळ शब्द तसाच ठेवण्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ‘सैराट’ चालतं, कारण उच्चारायला सोपं आहे आणि चित्रपटाचा गाजावाजा आधी पोहोचला होता. दया पवारांचं ‘बलुतं’ही इंग्रजीत ‘बलुता’ म्हणूनच आलं, कारण बलुतं ही व्यवस्था समजून घेणं हेच त्या पुस्तकात शिरणं आहे. पण २४ मिनिटांच्या फिल्मची निवड करणारा माणूस शंभर नावांची यादी वाचत असतो. अनोळखी शब्दावर त्याची नजर थांबण्याचं काही कारण नसतं.

---

अनघा_मुलुंड · बुधवार, सकाळी ८.००

मग ‘अक्करमाशी’चं काय? ते तर ‘द आउटकास्ट’ झालं. मला ते कधीच पटलं नाही.

---

निळी_शाई · बुधवार, सकाळी ९.१०

अनघा, हा माझा जुना सल आहे, म्हणून थोडं लांबेन.

बारा माशांचा तोळा. अकराच मासे भरले तर सोनं हिणकस, ते अक्करमाशी. हाच शब्द गावाने लग्नाबाहेर जन्मलेल्या पोराला लावला. शरणकुमार लिंबाळेंची आई महार, बाप पाटील, आणि बापाचं नाव मिळत नाही. म्हणजे त्या एका शब्दात सोनाराचा काटा आहे, शिवी आहे, आणि ‘तू एका माशाने कमी आहेस’ असं रोज ऐकणारं पोर आहे. इंग्रजीत त्या अर्थाची शिवी आहे, पण तिच्यात तोलणं नाही.

२००३ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं, संतोष भूमकरांचं. नाव ‘द आउटकास्ट’, शेवटी एक जादा ‘ई’ असलेलं, म्हणजे ‘बहिष्कृत’ या शब्दात ‘जात’ हा शब्द डोकावतो. श्लेषाच्या जागी श्लेष ठेवला, कारागिरी म्हणून चोख. पण काय गेलं बघा. अक्करमाशी हा गावाबाहेर टाकलेला नाही, तो दोन्हीकडचा अर्धा आहे. त्याला त्याच्या जातीतही पूर्ण माप नाही. ‘द आउटकास्ट’ हे नाव कुठल्याही दलित आत्मकथनाला बसलं असतं.

आणि बसलंही. त्याच वर्षी नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ इंग्रजीत आलं, त्याचं नावही ‘आउटकास्ट’. मराठीत एका नावात बाप सुरुवातीलाच उभा आहे, दुसऱ्या नावाचा अर्थच बापाचं नाव नसणं. इंग्रजीत दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर वाचकाला तो फरक दिसणार नाही.

म्हणून मी एक गोष्ट तपासते. हे इंग्रजी नाव शेजारच्या पुस्तकावर चिकटवलं तर तिथेही चालेल का? चालत असेल तर ते या पुस्तकाचं नाव नव्हे.

‘अक्करमाशी’ हा शब्द इंग्रजी मुखपृष्ठावर आहे, आउटकास्टच्या खाली. तेवढं बरं झालं.

---

श्रावणसर · बुधवार, दुपारी १२.३०

मग बेबी कांबळेंच्या ‘जिणं आमुचं’बद्दल काय म्हणाल? इंग्रजीत ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’, म्हणजे ‘आम्ही फोडलेले तुरुंग’. मूळ नाव किती शांत आहे. तुरुंग कुठून आले? भाषांतरकाराने लेखिकेच्या तोंडी घोषणा घातली आहे.

---

निळी_शाई · बुधवार, दुपारी २.००

सर, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. ‘जिणं आमुचं’मध्ये ‘जिणं’ आहे, ‘जीवन’ नाही. ‘आमुचं’ आहे, ‘माझं’ नाही. बाईने स्वतःची गोष्ट सांगताना ‘आमुचं’ म्हणणं हीच त्यात ठिणगी आहे. इंग्रजीत ‘अवर लाइफ’ म्हटलं की कौटुंबिक अल्बम वाटतो. माया पंडितांनी ते ‘आम्ही’ धरून ठेवलं आणि भोवती पुस्तकातली झुंज आणली. आवाज चढला हे मान्य. पण तो शेजारच्या पुस्तकावर चिकटत नाही.

---

श्रावणसर · बुधवार, दुपारी २.२०

आवाज चढला हेच माझं म्हणणं आहे. शांतपणे सांगण्यातही एक ताकद असते, ती गेली. इथे आपण सहमत होणार नाही.

---

गिरणगावची · बुधवार, रात्री ११.१५

ताई, ‘तिकडचा श्लेष’ शोधत दिवसभर ट्रेनमध्ये बसले होते, आणि करी रोडला उतरताना सापडला असं वाटलं.

‘लेट’!

इंग्रजीत बाई नुसतं ‘आय ॲम लेट’ म्हणाली तरी पाळी लांबल्याचा अर्थ होतो. कामावर उशीर झाला तरी तोच शब्द. आणि ‘लेट’ म्हणजे कैलासवासी, म्हणजे मेलेल्या गिरण्याही त्यात आल्या. तीन अर्थ! शिवाय शब्द आपल्याकडेही घरातलाच आहे. कसं वाटतं?

---

अनघा_मुलुंड · बुधवार, रात्री ११.२०

अंगावर काटा आला. हेच ठेवा.

---

निळी_शाई · गुरुवार, सकाळी ७.४०

शोध फार सुंदर आहे. तरी फॉर्म भरायच्या आधी एक करा. फिल्म न पाहिलेल्या तीन जणांना फोन करा, फक्त नाव सांगा आणि विचारा, ही फिल्म कशावर असेल? तुम्ही काही समजावू नका, ते काय म्हणतात ते लिहून घ्या.

आणि मला एक खटकतंय. ‘पाळी चुकली’ या वाक्याचा कर्ता कोण? पाळी. चुकली ती पाळी. बाईची त्यात चूक नाही, मराठी व्याकरणानेच तिला बाजूला ठेवलंय. इंग्रजीत ‘मिस्ड’ म्हणा की ‘लेट’, कर्ता बाई होते. चुकली ती, उशीर केला तिने. माईंच्या वाक्यात हा दोष त्यांनी स्वतःकडे घेतलाय का?

---

गिरणगावची · गुरुवार, रात्री ९.०५

फोन केले. पहिला म्हणाला, लोकल उशिरा येण्यावरची विनोदी फिल्म असेल. दुसरी म्हणाली, कुणीतरी वारलंय का? कारण आपल्याकडे चौकाचौकात पाटीवर नावाआधी ‘लेट’ लिहिलेलं असतं. तिसरी अमेरिकेतली मैत्रीण, तिने मात्र एका क्षणात ओळखलं.

मग माईला विचारलं, तुझ्या फिल्मचं इंग्रजी नाव ‘लेट’ ठेवू का? ती पाच मिनिटं बोललीच नाही. मग म्हणाली, "लेट मी एक दिवस नव्हते गं. भोंग्याच्या आधी फाटकात उभी असायचे. फाटक त्यांनी बंद केलं."

ताई, तुम्ही कर्त्याबद्दल म्हणत होता ते हेच. नाव रद्द. उद्या फॉर्म बंद होतोय आणि मी पुन्हा शून्यावर आहे.

---

भोंगा_१९७४ · गुरुवार, रात्री ९.४०

माई बरोबर बोलल्या. लेट मार्क हा आमच्यासाठी साधा शब्द नव्हता. फाटकावर उशीर झाला की बदलीवाला तुमच्या जागी उभा राहायचा.

मला इंग्रजी फार येत नाही, एक विचारतो. आमचा संप मागे घेतल्याचं कुणी कधी सांगितलंच नाही. माझी देणी अर्धी मिळाली, अर्धी राहिली. घरासाठी अर्ज करून किती वर्षं झाली, नंबर नाही. बँकेच्या पत्रात अशा थकलेल्या रकमेला एक शब्द येतो, ‘ओव्हरड्यू’. तो पाळीला लावतात का?

---

निळी_शाई · गुरुवार, रात्री ९.५५

काका! लावतात. अगदी हाच शब्द लावतात. पाळीची तारीख उलटली की ‘पिरियड इज ओव्हरड्यू’. बाळंतपणाची तारीख उलटली तरी ‘ओव्हरड्यू’च. आणि देणं थकलं तरीही.

कर्ता बघा. ‘ओव्हरड्यू’ ती वस्तू असते जी यायला हवी होती आणि आली नाही. उशीर करणारा आता दुसऱ्या बाजूला आहे. माईंवर ठपका नाही, उलट माईंचं कुणीतरी काहीतरी देणं लागतंय.

‘पाळी’ची तिसरी छटा, आपला नंबर, आपली वेळ, तीही थोडी येते. काका म्हणाले तसं, घरासाठी नंबर लागलेला नाही.

---

पक्का_डोंबिवलीकर · गुरुवार, रात्री १०.१०

मला ऐकल्याबरोबर कर्जाचे हप्ते आठवले. किंवा वाचनालयाचा दंड.

---

निळी_शाई · गुरुवार, रात्री १०.२०

आठवणारच. एकच शब्द असल्यामुळे या नावाच्या दुसऱ्या फिल्मही निघतील. ‘लेट’पेक्षा एक गोष्ट मात्र बरी आहे: ज्याला हप्ते आठवतील त्यालाही कुणाचं तरी देणं बाकी आहे एवढं कळेलच. तो चुकीच्या गावी पोहोचत नाही, जरा लांबच्या रस्त्याने येतो.

गिरणगावची, एक काम उरलं. माईंच्या त्या वाक्याचं सबटायटल काय आहे? तिथे ‘मिस्ड’ असेल तर नाव हवेत राहील. प्रेक्षकाला तो शब्द माईंच्या तोंडून मिळायला हवा.

---

गिरणगावची · शुक्रवार, दुपारी ४.३०

फॉर्म भरला. पहिल्या चौकटीत देवनागरीत ‘पाळी चुकली’, दुसरीत ‘ओव्हरड्यू’.

सबटायटल बदललं. आधी ‘मिस्ड’ दोनदा होतं. आता ‘ओव्हरड्यू’ दोनदा आहे, एकदा तिच्यासाठी, एकदा गिरणीसाठी, आणि दोन ओळींत बसतंय. अकराव्या मिनिटाला ती दिवसपाळीबद्दल बोलते तिथे साधं ‘शिफ्ट’च ठेवलंय, तिथे श्लेष नाही.

माईला नाव सांगितलं, अर्थ सांगितला. तिने विचारलं, "हे सुचलं कुणाला?" म्हटलं, साचे खात्यातल्या एका काकांना. म्हणाली, "कुठली गिरणी?"

काका, ती उत्तराची वाट बघतेय.

---

भोंगा_१९७४ · शुक्रवार, संध्याकाळी ६.१०

त्यांना सांगा, काळाचौकीची. आणि वाइंडिंगच्या बायका फाटकात आमच्या आधी असायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.